चार चौकटींची स्ट्रिप: आडवी पट्टी, दोन बाय दोन की उभी?

प्रश्न: मी चार चौकटींच्या कॉमिक स्ट्रिप काढतो. चौकटी आडव्या ठेवाव्या, दोन वर दोन खाली ठेवाव्या की एकाखाली एक? लोक बबल उलटसुलट वाचतात आणि जोक कळला म्हणतात पण हसत नाहीत.

उत्तर:

"कळला म्हणतात पण हसत नाहीत" हे तुम्ही लिहिलंत तिथेच बहुतेक दुखणं आहे. चौकटींचा क्रम चुकला की वाचणारा गोंधळून विचारायला येत नाही, तो मनातल्या मनात क्रम लावून घेतो, जोक समजून घेतो आणि तोवर हसायची वेळ निघून गेलेली असते. माझं असंच झालं होतं म्हणून तीच स्ट्रिप घेऊन सांगतो.

मी नाशिकला असतो, आमच्या सोसायटीच्या दिवाळी अंकासाठी एक मिसळीची स्ट्रिप काढली होती. पहिल्या चौकटीत बाहेरगावचा पाहुणा विचारतो, "काका, हा काळा रस्सा जास्त तिखट नाही ना?" आणि मिसळवाले काका म्हणतात "छे हो!" दुसरीत काका, "आमच्याकडे लहानांनापण हाच देतो." तिसरी मुकी, पाहुण्याच्या डोळ्यातून पाणी, कान लाल, हातातला पाव हातातच. चौथीत दाराएवढा, मिशीवाला, पैलवान गडी दुसरी प्लेट रस्सा ओरपतोय आणि काका म्हणतात, "हा बघा, आमचा धाकटा."

आधी ही दोन बाय दोनमध्ये काढली, कारण अंकाच्या पानात तेवढीच जागा मिळाली होती. छापायच्या आधी पाच जणांना दिली आणि सांगितलं की बोट फिरवत मोठ्याने वाचा (ही टेस्ट तुम्ही नक्की करा, नुसतं "कसं वाटलं" विचारून काही कळत नाही). दोघांचं बोट पहिल्या चौकटीतून सरळ खाली तिसरीत गेलं, मग वर दुसरीत, मग चौथीत. म्हणजे पाहुणा आधी रडला आणि काका "लहानांनापण देतो" नंतर म्हणाले. शेवटी धाकटा कळला त्यांना, पण ती मुकी चौकट, जिच्यामुळे क्षणभर थांबून मग हसू फुटायला पाहिजे, ती वायाच गेली.

हे का झालं ते बघितलं तर दोन कारणं निघाली. एक म्हणजे चौकटींमधली पांढरी जागा सगळीकडे सारखी होती, ५ मिलिमीटर. डोळा जवळच्या वस्तू एकत्र धरतो, म्हणून ओळ ओळीसारखी दिसायला हवी असेल तर शेजारशेजारच्या चौकटी जवळ आणि वरची-खालची ओळ लांब पाहिजे. मी मधली उभी फट ३ मिलिमीटर केली आणि दोन ओळींमधली ८. दुसरं कारण जास्त मोठं होतं: पहिल्या चौकटीत काकांचं "छे हो!" मी अगदी तळाशी टाकलं होतं, कारण वर पाहुण्याच्या लांबलचक वाक्याने जागा खाल्ली होती. वाचणाऱ्याचा डोळा जिथे शेवटचा शब्द संपतो तिथून पुढची उडी मारतो, आणि तिथून तिसरी चौकट बोटभर अंतरावर, दुसरीतला बबल मात्र उजवीकडे पार वर. मग मी पाहुण्याचं वाक्य छाटून "काका, तिखट नाही ना?" एवढंच ठेवलं, दोन्ही बबल चौकटीच्या वरच्या एक-तृतीयांश भागात आणले आणि "छे हो!" उजव्या कडेला सरकवलं, म्हणजे तिथून नजर आपोआप दुसरीत जाते. परत नव्या पाच जणांना दिली, पाचही बोटं बरोबर गेली.

त्यात अजून एक भानगड होती, काका डावीकडे उभे आणि पाहुणा उजवीकडे, पण आधी बोलतो पाहुणा. अशा वेळी बबल बोलणाऱ्याच्या डोक्यावर ठेवला तर उत्तर आधी वाचलं जातं आणि उलट ठेवला तर दोन बबलच्या शेपट्या एकमेकींना छेदतात. आपण डावीकडून उजवीकडे, वरून खाली वाचतो, म्हणून आधी बोलणारा डावीकडे आणि त्याचा बबल थोडा वर, हे चित्र काढायच्या आधीच ठरवा. मी आता आधी अक्षरं लिहितो, मग त्याभोवती बबल, मग उरलेल्या जागेत माणसं. मराठीत तर हे करावंच लागतं, वर वेलांट्या-मात्रा आणि खाली उकार असल्यामुळे ओळींमध्ये जास्त जागा लागते, नंतर कोंबायला गेलं की वरचा उकार खालच्या वेलांटीत घुसतो.

आता आडवी पट्टी. ए-फोर कागदावर समास सोडून १८ सेंटिमीटर धरले तर एका चौकटीला साडेचार मिळतात, एका ओळीत दोन-तीन शब्द बसतात. क्रम चुकायची भीतीच नाही, आणि चौथी चौकट पहिलीपासून सगळ्यात लांब असते म्हणून शेवट आधी दिसत नाही. छापायला मला हीच सगळ्यात आवडते. पण तीच इमेज उभ्या धरलेल्या फोनवर सातेक सेंटिमीटर रुंदीत येते, म्हणजे चौकट पावणेदोन सेंटिमीटरची, कोण वाचणार?

शेवट आधी दिसणं हा दोन बाय दोनच्या ग्रिडचा खरा दोष आहे. चौथी चौकट दुसरीच्या बरोब्बर खाली असते. माझ्या पहिल्या ड्राफ्टमध्ये पैलवानाच्या गळ्यात बाळाचं लाळेरं होतं, मला ते फार आवडलं होतं, पण "लहानांनापण" वाचता वाचताच खालचं लाळेरं कोपऱ्यातून दिसायचं आणि जोक तिथेच फुटायचा. ते काढून टाकलं. आता नुसता पैलवान दिसतो, तो कोणीपण गिऱ्हाईक असू शकतो, आणि "धाकटा" वाचल्यावर उलगडा होतो. म्हणून हा बबल मी उजवीकडे खाली ठेवला, आधी गडी दिसावा मग शब्द. वाक्यपण "हा आमचा धाकटा मुलगा आहे" असं नाही लिहायचं, मराठीत क्रियापद शेवटी येतं आणि "आहे"वर हसू येत नाही, "धाकटा" हाच शेवटचा शब्द पाहिजे. थोडक्यात जोकची किल्ली शब्दात असेल तर ग्रिड चालतं, किल्ली चित्रात असेल तर ग्रिडमध्ये टाकू नका.

उभी मांडणी लाळेरंवाल्या जोकला बेस्ट, कारण चौथी चौकट स्क्रीनच्या खाली लपलेली असते. तिसरी आणि चौथीमध्ये नेहमीपेक्षा दुप्पट-तिप्पट पांढरी जागा सोडा, अंगठा तेवढा सरकतो तीच तुमची थांबायची जागा. फक्त सगळं एका लांब इमेजमध्ये करून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकू नका, प्रिव्ह्यूत वरखाली कापलं जातं आणि उघडलं तर बारीक पट्टी होऊन झूम करावं लागतं. चार वेगळ्या चौकोनी इमेज करून इन्स्टावर स्वाइपला टाका, तिथे शेवटची सहसा आधी दिसत नाही. पण मग एका चौकटीतला बबल पुढच्या चौकटीकडे नजर नेतो ही सोय राहत नाही, प्रत्येक चौकट डावीकडे वरून नव्याने सुरू होते असं धरून बबल परत लावावे लागतात.

तुमची एखादी स्ट्रिप इथे टाका, शेवटचा जोक चित्रात आहे की शब्दात ते बघून कुठली मांडणी ते सांगतो.