ब्लेझर शिंप्याकडे देण्यापूर्वी: प्रेपी आणि वर्कवेअर यांतला फरक

प्रश्न: "पुण्याहून बॉस्टनला शिकायला आलो आहे. नेव्ही ब्लेझर, शँब्रे शर्ट, गडद जीन्स आणि जाड तळव्याचे बूट असा पोशाख करतो. मित्र म्हणतात, हे धड प्रेपी नाही आणि धड वर्कवेअरही नाही. ब्लेझर कमरेत सैल आहे, तो उद्या शिंप्याकडे कमी करायला देणार आहे. या दोन शैलींत नेमका फरक कोणता?"

ब्लेझर उद्या देऊ नका. तो आधी नीट तपासा, कारण कमरेतला सैलपणा हा कदाचित दोष नसून त्या ब्लेझरची मूळ घडणच असेल. माझ्या एका चांगल्या ब्लेझरचे नुकसान याच टप्प्यावर झाले होते, आणि तुमचे ते वाक्य वाचून मला राहवले नाही. मापाचा शर्ट कसा निवडावा, पॅन्टची लांबी किती असावी, हे तुम्हाला ठाऊक असणार असे धरून मी ते सोडून देतो. मी व्यवसायाने शिंपी नाही. कनेटिकटमध्ये राहून बरीच वर्षे हेच कपडे वापरतो आणि दुरुस्त करून घेतो, एवढाच माझा अधिकार.

अमेरिकेच्या ईशान्येकडील जुन्या महाविद्यालयांत प्रेपी शैली आकाराला आली. तिथल्या विद्यार्थ्यांनी नौकानयन, टेनिस, क्रिकेट यांसारख्या खेळांचे आणि क्लबांचे कपडे रोजच्या वापरात आणले. न्यू हेवनला 1902 मध्ये सुरू झालेल्या जे. प्रेससारख्या दुकानांनी त्यांच्यासाठी जो कोट शिवला, त्याला सॅक कोट म्हणतात. त्याच्या खांद्यात भरणी जवळजवळ नसते आणि पुढच्या भागाला डार्ट, म्हणजे कमर आवळणाऱ्या निमुळत्या शिवणी, नसतात, म्हणून कापड छातीपासून खाली सरळ उतरते आणि कमर फारशी आवळली जात नाही. वर्कवेअर मात्र खाणी, रेल्वे, शेते आणि कारखान्यांतून आले आहे. त्यातली प्रत्येक शिलाई ताण सोसण्यासाठी असते. जीन्सच्या खिशांच्या कोपऱ्यांवरच्या तांब्याच्या रिव्हेटांचे पेटंट 1873 मध्ये मिळाले, तेही खिसे फाटू नयेत यासाठीच.

आता तुमचा ब्लेझर हँगरवर लावा आणि छातीपासून खिशापर्यंत बोट फिरवा. उभी, निमुळती होत गेलेली शिवण लागली तर तो डार्ट आहे, म्हणजे कोट मुळातच अंगाबरोबर शिवलेला आहे आणि बाजूच्या शिवणींतून तो थोडा आणखी कमी करायला हरकत नाही. शिवण लागली नाही, तर तुमच्या हातात सॅक पद्धतीचा कोट आहे. खात्री करायची असेल तर लॅपल, म्हणजे कॉलरखाली छातीवर उलटून पडणारी कड, पाहा. तीन बटणांची काजे आहेत, पण सर्वांत वरचे काज लॅपलच्या वळणात दडले आहे आणि लावायचे बटण मधले आहे, अशी रचना या कोटांत बहुधा आढळते. खांद्यासाठी कोट घालून भिंतीला बाजूने टेकून उभे राहा. दंडाच्या आधी खांद्याची भरणी भिंतीला लागली, तर खांदा तुमच्यापेक्षा मोठा आहे. अशा कोटावर पैसे खर्च करू नका, कारण खांदा बदलणे म्हणजे जवळजवळ नवा कोट शिवणे होय.

माझ्या ब्लेझरच्या बाबतीत मी एका मोठ्या दुकानाच्या दुरुस्ती विभागात केवळ बाह्या आखूड करायला सांगितल्या होत्या आणि पावतीवरही तेवढेच लिहिले होते. कोट परत आला तेव्हा कमर "नीटनेटकी" करण्यासाठी त्यांनी पुढे दोन्ही बाजूंना डार्ट घातले होते. त्यासाठी बाहेरून लावलेले खिसे उसवून पुन्हा शिवले होते, त्यामुळे खिशांचे तोंड तिरके झाले. लॅपलवर गरम इस्त्री इतकी दाबली होती, की त्याचे गोल वळण जाऊन तिथे कडक घडी पडली. लॅपलची घडी वाफेने बऱ्याच अंशी सुटते, पण डार्ट सपाट बसावा म्हणून आतले कापड कापलेले होते, आणि कापलेले कापड कोणताही कारागीर पुन्हा जोडून देऊ शकत नाही. तक्रार घेऊन गेलो तेव्हा एका खिडकीवर सांगण्यात आले, की दुरुस्त केलेला माल परत घेत नाहीत, दुसऱ्या खिडकीवर एक अर्ज भरून घेतला, आणि तिसऱ्या ठिकाणी तो अर्ज चुकीच्या विभागाचा असल्याचे कळले. ग्राहकाने लिहून दिलेली सूचना मोडली तर जबाबदारी कोणाची, या साध्या प्रश्नाला त्या कार्यालयात कोणीही उत्तर दिले नाही. याचा मला आजही राग येतो, कारण कोट महाग होता म्हणून नव्हे, तर तसे कापड आणि तसा खांदा मला पुन्हा मिळाला नाही.

म्हणून पावतीवर स्पष्ट लिहून घ्या: पुढे डार्ट घालू नयेत, खिसे उसवू नयेत, लॅपल दाबून इस्त्री करू नये. कमर कमी करायचीच असेल तर ती बाजूच्या आणि पाठीच्या शिवणींतून, पूर्ण घेरात सुमारे चार सेंटिमीटरपेक्षा जास्त नको, असे माझे मत आहे. त्यापुढे पाठीवर आडव्या वळ्या पडू लागतात आणि कोटाची मागची फट उघडी राहते. बाह्या आखूड करताना मनगटावरची बटणे खरोखर उघडणारी आहेत का ते आधी पाहा. तशी असतील तर बाही खालून कापता येत नाही, ती खांद्याकडून आखूड करावी लागते, आणि ते काम प्रत्येकाला जमत नाही. कोट देण्यापूर्वी खिसे आणि लॅपल यांची छायाचित्रे काढून ठेवा.

खिशांवरून दोन्ही शैलींतला फरकही सहज कळतो. प्रेपी ब्लेझर आणि कामगारांचा चोअर कोट या दोघांनाही खिसे बाहेरून लावलेले असतात, म्हणूनच लोकांची गल्लत होते. ब्लेझरच्या खिशाचे खालचे कोपरे गोलसर असतात आणि शिलाई एकेरी असते, कित्येकदा कडेपासून सुमारे सहा मिलिमीटर आत. चोअर कोटाच्या खिशावर दुहेरी किंवा तिहेरी शिलाई असते, तोंडाच्या कोपऱ्यांवर दाट टाके घालून मजबुती केलेली असते आणि कोटाला आतून बहुधा अस्तरच नसते. ज्या ब्लेझरवर जाड, उठून दिसणारी दुहेरी शिलाई आहे, तो दोन्ही शैलींच्या मध्ये अडकतो.

तुमच्या पोशाखात खरा अडसर मला शँब्रे शर्ट आणि गडद जीन्स हा वाटतो. शँब्रेत उभा धागा निळा आणि आडवा पांढरा असतो, वीण साधी असते, आणि तो मुळात कामाचा शर्ट आहे. ऑक्सफर्ड कापडातही रंगीत आणि पांढरा धागा एकत्र येतात, परंतु तिथे दोन बारीक उभे धागे एका जाड आडव्या धाग्यावरून जातात, त्यामुळे पृष्ठभागावर बारीक चौकटीसारखी खडबड दिसते. टोकांना बटणे असलेल्या मऊ कॉलरचा ऑक्सफर्ड शर्ट नेव्ही ब्लेझरखाली घातला, की निम्मा प्रश्न सुटतो. जीन्सच्या जागी करडी फ्लॅनेलची किंवा खाकी चिनो पॅन्ट घाला. गडद जीन्सचा निळा आणि ब्लेझरचा निळा एकमेकांच्या इतके जवळ असतात, की ती न जुळलेल्या सुटाची जोडी वाटते. खाकी पॅन्ट लष्करातून आली. दुसऱ्या महायुद्धानंतर सरकारी साहाय्यावर शिकायला आलेल्या सैनिकांनी ती महाविद्यालयांत रुळवली. तिचे कापड कामाचे असले तरी शिवण साधी असते, गुडघ्यावर दुहेरी कापड नसते आणि हातोडी अडकवायची पट्टीही नसते.

पट्ट्यांच्या बाबतीत मी एक ढोबळ नियम पाळतो. प्रेपी शर्टात पार्श्वभूमी पांढरी आणि रेघ रंगीत असते. रेल्वे कामगारांच्या हिकरी पट्ट्यात निळे आणि पांढरे इतके दाट विणलेले असतात, की त्यावर काजळी आणि तेलाचे डाग चटकन दिसत नाहीत. पहिला कपडा मळणार नाही असे गृहीत धरतो, दुसरा मळणारच असे धरतो. या नियमाला अपवाद आहेत. फ्रेंच खलाशांचा पट्टेदार बनियन, ज्याचे पट्टे 1858 च्या नौदलाच्या आदेशाने ठरले, तो कामाचाच कपडा असून आज प्रेपी पोशाखात सर्रास चालतो. टायच्या तिरप्या पट्ट्यांची दिशाही पाहण्यासारखी आहे. ब्रिटिश रेजिमेंटांचे पट्टे घालणाऱ्याच्या डाव्या खांद्याकडून खाली उतरतात, तर ब्रुक्स ब्रदर्स या अमेरिकी कपड्यांच्या दुकानाने ती दिशा उलटी केली आणि अमेरिकेत तीच रूढ झाली.

विणलेल्या कपड्यांत आणि रंगांत फरक अधिक सूक्ष्म आहे, परंतु तोच मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. शेटलंड लोकरीचा स्वेटर किंवा करडी फ्लॅनेल यांचा रंग मंद दिसतो, कारण तंतू कातण्यापूर्वीच रंगवून वेगवेगळ्या छटा एकत्र मिसळलेल्या असतात. उन्हात जवळून पाहिले तर हिरव्या स्वेटरमध्ये पिवळे, तपकिरी, निळे तंतूही दिसतात. हा मंदपणा पहिल्या दिवसापासूनच असतो. जीन्सचा मंदपणा मात्र वापराने येतो: नीळ धाग्याच्या बाहेरच्या थरावर राहते, आतला गाभा पांढरा असतो, आणि घासले जाते तिथे तो उघडा पडतो. म्हणून झिजलेली जीन्स आणि मिश्र लोकरीचा स्वेटर दोन्ही फिके असूनही एकाच कुळातले वाटत नाहीत. कारखान्यातच खरवडून जुनी केलेली पॅन्ट या ब्लेझरखाली मला मुळीच पटत नाही. ज्यांना पटते त्यांच्याशी माझा वाद नाही.

ब्लेझरखाली स्वेटर घालायचा असेल तर तो बारीक विणीचा, व्ही गळ्याचा घ्या. क्रिकेट स्वेटरची जाड पीळदार वीण बाहीच्या गोलाईत अडकते आणि काखेत ब्लेझर वर चढतो; तो स्वेटर ब्लेझरऐवजी घालावा.

बॉस्टनच्या परिसरात महाविद्यालयांजवळच्या सेकंड हँड दुकानांत जुने सॅक कोट अजून सापडतात. विकत घेण्यापूर्वी कोट दिव्यासमोर धरून कसरीची छिद्रे शोधा, विशेषतः कॉलरखाली आणि काखेत. छातीवरचे कापड दोन बोटांत धरून थरांमधून हलके सरकवून पाहा. आत एक मोकळा तिसरा थर जाणवला तर कॅनव्हास आहे, आणि सारे एकसंध चिकटलेले वाटले तर आतले अस्तर गोंदाने लावलेले आहे. अशा कोटावर वाफ आणि पाऊस यांनी पुढे फुगे येऊ शकतात. पितळी बटणे डागाळलेली असतील तर त्याची काळजी करू नका, ती सुटी विकत मिळतात आणि घरीच बदलता येतात.