चिक्कीचा गूळ मागून घे गं!

जर्मनीहून एका सोलापूरच्या लेकीचं पत्र आलंय. ती लिहिते, "मावशी, गेल्या डिसेंबरात माहेरी आले तेव्हा 3 किलो गूळ आणि 2 किलो तीळ नेले. गूळ पिवळाधमक, दिसायला इतका सुंदर! पण संक्रांतीला लाडू वळेचनात. वळले ते ताटात फुटले. यंदा तयार लाडूच नेऊ का? चांगले कसे ओळखायचे?" पुढे तिळाविषयी आणि मुलीच्या हलव्याच्या दागिन्यांविषयीही विचारलंय.

बाई, तुझा हात बिघडलेला नाही. तू रंग बघून गूळ घेतलास, तिथं चुकलं. दुकानात नुसता "गूळ द्या" म्हटलं की साधा गूळ मिळतो. त्याचा पाक निवला की साखर कणी धरते आणि लाडू भुसभुशीत होतो. लाडवाला चिक्कीचा गूळ लागतो. तो चिवट असतो, पाक निवला तरी तिळाला धरून ठेवतो. मीही परदेशातल्या पहिल्या संक्रांतीला हेच केलं होतं. फुटलेले लाडू वाटीत घालून चमच्यानं खायला दिले आणि रात्री आईला फोन करून रडले. आई एवढंच म्हणाली, "चिक्कीचा मागितलास का?"

तेव्हा मधल्या मारुतीजवळ बाजाराला जाशील तेव्हा नाव घेऊन माग आणि खडा मोडून बघ. साधा गूळ चटकन मोडतो आणि त्याचा भुगा पडतो. चिक्कीचा बोटांना चिकटतो, दाबला की जरा दबतो. मग जिभेवर ठेव. खारट लागला तर नको, कडवट लागला तर काहिलीत करपलाय. फार पिवळा गूळ मी घेत नाही, कारण रंग उजळायला त्यात हायड्रोस पावडर घालतात. पण काळा म्हणजे शुद्ध असंही धरू नकोस, मळीचा गूळही काळाच असतो. चमचाभर गूळ पेलाभर कोमट पाण्यात विरघळवून अर्धा तास ठेव, माती किंवा खडूची भुकटी असेल तर तळाशी बसेल. हायड्रोस मात्र घरी ओळखता येत नाही, म्हणून ओळखीच्या दुकानातूनच घे.

आणि सगळा गूळ एकदम घेऊ नकोस. आधी पावशेर आण. माहेरच्याच गॅसवर त्यातला लिंबाएवढा खडा चमचाभर तुपात मंद आचेवर वितळव आणि थेंब गार पाण्यात टाक. बोटांनी त्याची मऊ पण घट्ट गोळी झाली पाहिजे. थेंब ताटलीवर टणकन वाजला तर पाक पुढे गेला, त्याचे लाडू दाताला लागतील. आमच्या सासूबाईंना दात नव्हते, म्हणून मी चिक्कीच्या गुळात चौथा हिस्सा साधा गूळ घालायची. लाडू वळायचेही आणि त्यांना चावायचेही.

आता किती न्यायचं? 3 किलो कशाला गं, घरात दुकान मांडायचंय का? तुझ्या हळदीकुंकवाला 30 जणी येतात असं लिहितेस. प्रत्येकीला 2 म्हणजे 60, घरच्यांना 20, झाले 80. सुपारीपेक्षा जरा मोठा लाडू साधारण 15 ग्रॅमचा, म्हणजे सगळे मिळून सव्वा किलोच्या आतच. त्याला अर्धा किलो तीळ, अर्धा किलो चिक्कीचा गूळ, दीडशे ग्रॅम दाण्याचा कूट आणि मूठभर डाळवं पुरतं. पाक फसलाच तर हाताशी असावा म्हणून पाव किलो गूळ जास्त घे. गेल्या वर्षीचा पिवळा गूळ उरला असेल आणि त्याला पाणी सुटलं नसेल, तर तो किसून गूळपोळीला वापर. पोळीला साधाच गूळ बरा. तिकडे काय नेता येतं याचे नियम मात्र आधी बघून घे.

तीळ पॉलिशचे घेतलेस तर ताजेच घे, सालं निघालेले लवकर खवट होतात. तळहातावर चोळून वास घे. जुन्या तेलासारखा वास आला तर ठेवून दे.

तयार लाडू सिद्धेश्वराच्या गड्डा जत्रेच्या गर्दीत घेऊ नकोस. एक फोडून बघू देतील अशा ठिकाणी घे. आत तिळापेक्षा दाण्याचाच कूट जास्त दिसला तर तू तिळाचे पैसे दाण्याला देतेयस. बांधल्याची तारीख बघ, आणि घ्यायचेच तर पाव किलो, घरात खायला. हळदीकुंकवाला तूच वळ.

हलव्याचे दागिने डब्यात कागद घालून ने, ओल लागू देऊ नकोस.