आजोबा झोपले नाहीत

"ताई, महिन्यापूर्वी सासरे हार्ट अटॅकने गेले. साडेचार वर्षांच्या मुलाला आम्ही सांगितलं, आजोबा झोपलेत, देवाघरी गेलेत. आता तो रात्री झोपत नाही. मी डोळे मिटले की मला हलवून उठवतो. आजोबा कधी येणार, असं रोज विचारतो. काय सांगू?"
— एक आई, सांगली

अगं, त्याने तुमचा शब्द न शब्द खरा धरलाय. आजोबा झोपले ते उठलेच नाहीत, मग आई झोपली तर? म्हणून आधी तो शब्दच मागे घे. दिवसा, तो खेळत असताना शेजारी बसून सांग. रात्री अंथरुणात हा विषय नको.

"आजोबा झोपलेत असं मी म्हटलं, ते चुकलं माझं. आजोबा मेले. मरणं म्हणजे शरीर कायमचं बंद पडणं. आजोबांचं हृदय थांबलं, डॉक्टरांनाही ते परत चालू करता आलं नाही. आता त्यांना दुखत नाही, भूक लागत नाही. ते परत येणार नाहीत."

मग त्याचा कान तुझ्या छातीला लाव. "ऐक, धडधडतंय ना? झोपल्यावरही हे असंच चालू असतं." रात्री त्याने उठवलं तर रागावू नकोस, पुन्हा ऐकू दे.

'मेले' म्हणताना तुझी जीभ अडखळेल, आपल्या घरांत तो शब्द कुणी उच्चारत नाही. पण 'गेले' म्हटलं की त्याच्या मते गेलेला माणूस संध्याकाळी घरी येतो. देवाघराचंही तेच, मूल तिथली एसटी विचारतं. तुमची श्रद्धा असेल तर तेही सांग, पण आधी शरीर थांबल्याचं सांगून मग.

तो उद्या पुन्हा तेच विचारेल. मेलेलं माणूस परत येत नाही, हे या वयात एकदा ऐकून पक्कं होत नाही. दर वेळी तेच शब्द वापर, आणि सासूबाईंनाही तेच वापरायला सांग. घरात दोन उत्तरं मिळाली की तो परत वाट बघायला लागतो.

"तू पण मरशील?" असं विचारलं तर "कधीच नाही" म्हणू नकोस. "सगळेच कधीतरी मरतात. मी अजून खूप वर्षं तुझ्याजवळ असेन असं मला वाटतं. आणि तुला सांभाळायला बाबा आहेत, आजी आहे." त्याने विचारलं नाही तरी एक सांगच: तो कधी आजोबांवर चिडला असेल, हट्ट केला असेल, त्यामुळे हे झालेलं नाही. मुलं असा दोष मनात धरून गप्प बसतात. त्याला सर्दी-ताप आला तर "हे आजोबांसारखं दुखणं नाही, हे बरं होतं" असं स्पष्ट म्हण.

मधेच रडून दोन मिनिटांत तो बिस्किट मागेल. लहान मुलांचं दुःख असंच तुकड्यातुकड्यांनी येतं, त्याला बिस्किट दे. मात्र असं बोलूनही दोन-तीन आठवड्यांत झोप सुधारली नाही, खाणं तुटलं, किंवा "मला मरून आजोबांकडे जायचंय" असं म्हणाला, तर थांबू नकोस, तुमच्या बालरोगतज्ज्ञांना दाखव.