सकाळचा ज्यूस पिऊन दहा वाजताच भूक का लागते?

प्रश्न: मी म्हापशाला राहतो. वजन कमी करायचं म्हणून महागडा कोल्ड प्रेस ज्यूसर घेतला. सकाळी तीन सफरचंदं आणि थोडं गाजर घालून ज्यूस पितो, दुसरं काही खात नाही, तरी दहा वाजता पोटात कावळे ओरडतात. मिक्सरमध्ये वाटून प्यायलं तर बरं पडेल का? की मिक्सरच्या पात्यांनी फायबर मरतं?

उत्तर:

ज्यूसर धुताना जाळीच्या मागे किती चोथा निघतो, ते एकदा तोलून पाहा. मी आहारतज्ज्ञ आहे, पण हे मीही स्वतः तोलून पाहीपर्यंत नुसतं तोंडानेच सांगत होते. बिया-देठ काढून तीन सफरचंदं भरली 480 ग्रॅम. ज्यूस निघाला साधारण 310 मिली आणि चोथा दीडशे ग्रॅम. सालीसकट सफरचंदात शंभर ग्रॅममागे अडीच ग्रॅमच्या आसपास फायबर असतं, म्हणजे त्या तिघांत मिळून अकरा-बारा ग्रॅम. ग्लासात त्यातलं एक ग्रॅमसुद्धा उतरत नाही. साखर मात्र बरीचशी उतरते, कारण ती पाण्यात विरघळलेली असते. विक्रेता म्हणतो की कोल्ड प्रेसमध्ये उष्णता नाही, म्हणून फायबर टिकतं. टिकतं खरं, पण चोथ्यात! ज्यूसरच्या उष्णतेने फायबरला काही होतच नाही, ते जातं गाळण्यामुळे.

आता मिक्सर. पाती फायबर मारत नाहीत. जेवढं आत घातलं तेवढं बाहेर येतं, फक्त बारीक होऊन. फळाच्या पेशींच्या भिंती फुटतात, त्यात कोंडलेली साखर मोकळी होते, पण भिंतींचे तुकडे आणि पेक्टिन ग्लासातच राहतं. म्हणून पोट साफ होण्याच्या दृष्टीने वाटलेलं फळ जवळजवळ अख्ख्या फळासारखंच. अट एकच, गाळायचं नाही. बऱ्याच मिक्सरसोबत जाळीचं भांडं येतं. ते लावलंत की तुमचा मिक्सरही ज्यूसरच झाला.

पण तुमचा प्रश्न भुकेचा आहे, आणि तिथे फायबरचा हिशेब पुरत नाही. 1977 साली ‘लॅन्सेट’मध्ये एक छोटा प्रयोग छापून आला होता. दहा निरोगी माणसांना सफरचंदं तीन रूपांत दिली: अख्खी, वाटून आणि नुसता रस. तिन्हींत पिष्ट-साखर सारखीच, 60 ग्रॅम. अख्खी सफरचंदं खायला जेवढा वेळ लागला, त्याच्या अकरा पट वेगाने रस पिऊन झाला, आणि वाटलेल्यापेक्षा चौपट वेगाने. पोट सर्वांत जास्त भरलं अख्ख्याने, मग वाटलेल्याने, सर्वांत कमी रसाने. रक्तातली साखर तिन्हींत वर मात्र जवळपास सारखीच चढली. फरक पडला तो नंतर. रस आणि वाटलेलं घेतल्यावर इन्सुलिन जास्त चढलं, आणि रसानंतर साखर झपकन खाली घसरली. वाटलेल्यानंतर थोडी घसरली, अख्ख्यानंतर तशी घसरण दिसलीच नाही. तुमच्या दहाच्या कावळ्यांमागे ही घसरण असू शकते. पण मला त्याहून मोठं कारण हे दिसतं की तुम्ही नाश्ता दीड मिनिटात पिऊन टाकता.

मग फायबर परत घातलं तर? हे 2009 च्या एका अमेरिकी प्रयोगात करून पाहिलं आहे. जेवणाआधी पंधरा मिनिटं लोकांना सफरचंदाच्या फोडी, सफरचंदाचा गर, साधा ज्यूस किंवा फायबर मिसळलेला ज्यूस दिला. कॅलरी सगळ्यांत सारख्या. फोडी खाल्ल्या त्या दिवशी, फोडींच्या कॅलरी धरूनही, लोकांनी आधी काहीच न खाता जेवले त्या दिवसापेक्षा एकूण 15 टक्के कमी कॅलरी घेतल्या. गराचा परिणाम त्याहून कमी होता, आणि फायबर घातलेला ज्यूस साध्या ज्यूसपेक्षा फारसा वरचढ ठरला नाही. म्हणजे नुसतं फायबर ग्लासात ढवळून भूक काही थांबत नाही. चावणं, तोंडात रेंगाळणं, घास गिळायला लागणारा वेळ, पोटात फोडींचं राहणं, हे सगळं मिळून पोट भरल्याची जाणीव होते.

आपल्याकडे हे काजूच्या मोसमात दिसतंच. कोळंबीत, म्हणजे फळं तुडवायच्या जागी, बोंडू तुडवून झाल्यावर चोथ्याच्या ढिगावर वजन ठेवतात आणि त्यातून नीरो हा रस ठिबकतो. थंड नीरोचे दोन ग्लास माणूस बोलता बोलता पितो. तितक्या रसाचे बोंडू चावून खायला बसा बरं. चौथ्या-पाचव्यालाच घसा खवखवतो, जबडा दुखतो आणि पुरे वाटतं. माझ्या तीन सफरचंदांचंही तेच झालं. ज्यूस उभ्याउभ्या संपला, आणि दुसऱ्या दिवशी तेवढीच खायला बसले तर तिसरं अर्धं उरलं.

तेव्हा मिक्सरने फायबर मिळेल, भूक थोडी जास्त थोपेल, पण पूर्ण सुटका नाही. प्यायचंच असेल तर दाट करा आणि चमच्याने खा. दाट पदार्थ पातळापेक्षा जास्त वेळ पोटाला धरतो. स्मूदीत एक नेहमीचा घोटाळा होतो. दोन केळी, एक मानकुराद आंबा, दूध, वर मध, आणि म्हणायचं काय तर फळ खाल्लं. ताटात चिरून ठेवलं असतं तर एवढं एका बैठकीत खाल्लं असतं का, एवढं स्वतःला विचारून जारमध्ये घाला. आणि हिरव्या रसाच्या नादात रोज जुडी-जुडी पालक पिळू नका. त्यातलं ऑक्झलेट मुतखडा असलेल्यांना खरंच बाधतं.

तुमच्या जागी मी काय केलं असतं? एक सफरचंद सालीसकट किंवा वाटीभर पपईच्या फोडी, गाजर कच्चं चावून, आणि सोबत दोन उकडलेली अंडी किंवा वाटीभर मुगाची उसळ. ही उसळ-अंडी वगळू नका. नुसत्या फळांत प्रथिनं नगण्य, आणि मग दहा वाजता हॉटेलात भाजी-पाव, त्यावर मिरची असा हिशेब होतो. पटत नसेल तर तीन दिवस करून पाहा. तीच तीन सफरचंदं, तीच वेळ, एक दिवस रस, एक दिवस वाटून, एक दिवस चिरून. चहा-बिस्कीट मध्ये आणायचं नाही. पहिली खरी भूक किती वाजता लागली ते लिहून ठेवा.

ज्यूसर विकू नका म्हणा, चोथा थालीपिठात छान लागतो. शिवाय रसाचं एक काम अख्खं फळ करू शकत नाही. घरात कुणी मधुमेहासाठी इन्सुलिन घेत असेल आणि साखर 70 च्या खाली गेली, हात थरथरले, घाम फुटला, तर अर्धा कप, म्हणजे 120 मिली फळाचा रस द्यायचा आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा साखर तपासायची. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही ओतायचं नाही, थेट दवाखाना गाठायचा. शुद्धीवर असलेल्याला मात्र त्या घाईत फोडी चावत बसवू नका. तिथे चोथा नसणं हेच हवं असतं.