रामशेजच्या निवेदनात आजोबा कुठे बोलतील?

प्रश्न: नाशिकजवळच्या रामशेज किल्ल्यावर २० मिनिटांचा माहितीपट करतोय. आम्ही पायथ्याच्या आशेवाडीचे. आजोबा लहानपणी गडाच्या उतारावरून सरपण आणायचे, त्यांच्याकडे खूप आठवणी आहेत. निवेदनात इतिहास घातला की पाठ्यपुस्तक वाटतं, आठवणी घातल्या की इतिहास मागे पडतो. मेळ कसा बसवायचा?

उत्तर:

दोघांना निम्मं-निम्मं वाटून देऊ नका. जिथं कागद गप्प आहेत तिथं आजोबांना बोलू द्या, आणि त्यांनी स्वतः पाहिलेलंच बोलू द्या. मोगलांनी १६८२ मध्ये गडाला घातलेल्या वेढ्याचे ते साक्षीदार नाहीत. पण गडावरच्या टाक्यांत चैत्र-वैशाखात किती पाणी उरतं, पावसात कोणती वाट निसरडी होते, हे त्यांना ठाऊक आहे. गड लढवणाऱ्यांची रोजची गाठ याच गोष्टींशी होती.

लाकडी तोफांचा प्रसंग तुम्ही घेणारच, म्हणून तोच उदाहरणाला घेतो. ही हकिकत खाफीखानाची. तो मोगलांच्या बाजूचा, आणि त्यानं ग्रंथ लिहिला तो वेढ्यानंतर काही दशकांनी. त्यामुळं त्याचं नाव निवेदनात यायलाच हवं. नाव घेतल्यानं प्रसंग कमजोर होत नाही, उलट मराठ्यांच्या हिकमतीची कबुली समोरच्या गोटातून आली हे ऐकणाऱ्याला कळतं. मी तो तुकडा असा लिहीन:

"गडावर लोखंडी तोफ नव्हती. खाफीखान लिहितो, मराठ्यांनी झाडांचे बुंधे पोखरले, त्यांवर कातडं चढवलं आणि मारा केला. एकेक तोफ दहा तोफचींचं काम करत होती. माझे आजोबा याच उतारावरून सरपण आणायचे. ओला बुंधा वर चढवायला किती माणसं लागतील, मी त्यांना विचारलं."

इथं निवेदन थांबवा. पुढचं आजोबा बोलतील, आणि त्यांच्या उत्तरावर तुमचं एकही वाक्य नको.

किल्लेदाराच्या नावाबाबत सांभाळा. कोणी सूर्याजी जाधव म्हणतं, कोणी सूर्याजी जेधे. एक नाव ठोकून देण्यापेक्षा निवेदनात 'किल्लेदार' म्हणा, आणि गावात जे नाव चालतं ते गावकऱ्याच्या तोंडून येऊ द्या. मोगली सरदाराची मांत्रिकाला सोन्याचा नाग करून दिल्याची गोष्टसुद्धा खाफीखानाच्या नावानिशीच सांगा.

लांबीचं म्हणाल तर मराठी निवेदन मिनिटाला शंभर-एकशेदहा शब्दांपुढे गेलं की घाई ऐकू येते. निम्मा वेळ वारा, पावलं आणि आजोबांसाठी सोडलात तर तुमच्या हातात हजारेक शब्दच राहतात. खर्डा झाला की मोबाइलवर स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करा आणि कच्च्या संकलनावर लावून बघा. पडद्यावर टाकं दिसत असताना आवाजही "हे पाण्याचं टाकं" म्हणत असेल तर ते वाक्य काढा, आणि तिथं त्या टाक्यातलं पाणी कधीपर्यंत पुरतं ते आजोबांना सांगू द्या.