जीवा आणि ज्या: एकच दोरी, एक पूर्ण आणि एक अर्धी

प्रश्न: शाळेत जीवा म्हणजे वर्तुळाची जीवा शिकलो, पण घरातल्या एका जुन्या गणिताच्या पुस्तकात साइनला ज्या म्हटलंय. हे दोन्ही शब्द एकच का? आणि टॉलेमीच्या प्रमेयात चक्रीय चौकोनाच्या बाजू-कर्णांचे गुणाकार असतात, त्यांचा संयुक्त कोनांच्या सूत्राशी काय संबंध?

मूळ अर्थ एकच, धनुष्याची दोरी. वर्तुळाचा तुकडा म्हणजे चाप, त्याची दोन टोकं जोडणारी सरळ रेघ म्हणजे ज्या किंवा जीवा, संस्कृतात दोन्ही शब्द त्या दोरीलाच आहेत. पण आकडेमोडीत पूर्ण दोरीपेक्षा अर्धी दोरी सोयीची पडते कारण तिच्यामुळे लगेच काटकोन त्रिकोण मिळतो, म्हणून आर्यभटाच्या काळापासून (इ. स. ४९९) अर्धज्या वापरात आली आणि बोलताबोलता तिचं "अर्ध" गळून नुसती ज्या राहिली. आज मराठीत वाटणी अशी झालीय की पूर्ण दोरी ती जीवा, आणि ज्या म्हणजे साइन. आणि त्रिज्या हा शब्द रोज वापरतो ना आपण, तोही यातलाच, तीन राशींची ज्या, म्हणजे ९० अंशांची ज्या, जी वर्तुळाच्या अर्ध्या व्यासाएवढीच भरते. मला हा शब्द फार आवडतो, सबंध व्याख्या त्याच्या पोटात आहे.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर या "अर्ध्या"तच आहे. जीवा केंद्राशी जेवढा कोन करते त्याच्या निम्मा ती परिघावरच्या बिंदूशी करते (तोच आंतरलिखित कोन), आणि जीवेची लांबी म्हणजे व्यास गुणिले त्या निम्म्या कोनाची ज्या. व्यास १ धरला तर जीवा आणि साइन एकच आकडा होतो. इथेच बहुतेकांची चूक होते, केंद्राशी असलेला अख्खा कोन घेऊन साइन काढतात आणि मग पुढचं काहीच जुळत नाही.

आता चौकोन ABCD वर्तुळात बसवा, व्यास १. AB, BC, CD, DA या बाजू परिघाशी अनुक्रमे α, β, γ, δ कोन करतात. चारही कंस मिळून पूर्ण वर्तुळ ३६० अंशांचं, म्हणून या निम्म्या कोनांची बेरीज १८०. बाजू झाल्या sin α, sin β, sin γ, sin δ. कर्ण AC पहिल्या दोन कंसांवर पसरलाय म्हणून तो sin(α + β), आणि BD तसाच sin(β + γ). म्हणजे बाजू या सुट्या कोनांच्या ज्या आणि कर्ण या बेरजेच्या कोनांच्या ज्या, संयुक्त कोन म्हणतात ते हेच. शिवाय δ हा १८० मधून बाकी तिघांची बेरीज वजा करून येतो, म्हणून sin δ = sin(α + β + γ). टॉलेमीचं प्रमेय (दुसऱ्या शतकातला अलेक्झांड्रियाचा खगोलज्ञ, त्याला जीवांचं कोष्टक करायचं होतं) सांगतं की कर्णांचा गुणाकार म्हणजे समोरासमोरच्या बाजूंच्या गुणाकारांची बेरीज:

sin(α + β) · sin(β + γ) = sin α · sin γ + sin β · sin(α + β + γ)

सिद्ध करायला सगळं फोडत बसू नका, पसारा होतो. डावीकडे फक्त sin(α + β) फोडा, उजवीकडे sin(α + β + γ) हे α आणि (β + γ) यांची बेरीज समजून फोडा. दोन्हीकडे cos α · sin β · sin(β + γ) हे पद येतं, ते काढून टाकलं की उरलेल्या सगळ्यांत sin α सामाईक आहे, तोही काढा. मग एवढंच उरतं:

cos β · sin(β + γ) − sin β · cos(β + γ) = sin γ

डावी बाजू म्हणजे (β + γ) मधून β वजा केल्यावरची ज्या, म्हणजे sin γ च. झालं.

आता आकडे घालून बघू. लीलावतीत भास्कराचार्यांनी पूर्वीच्या लोकांचं म्हणून एक उदाहरण दिलंय, मुख म्हणजे वरची बाजू २५, भू म्हणजे तिच्या समोरची पायाची बाजू ६०, भुज म्हणजे उरलेल्या दोन बाजू ३९ आणि ५२, कर्ण ५६ आणि ६३; ओळीने बाजू २५, ३९, ६०, ५२. याचा व्यास ६५ येतो. २५/६५ = ५/१३, ३९/६५ = ३/५, ६०/६५ = १२/१३, ५२/६५ = ४/५, म्हणजे नुसते ५-१२-१३ आणि ३-४-५ हे आपले ओळखीचे त्रिकोण. पहिले दोन कोन जोडा: ५/१३ × ४/५ + १२/१३ × ३/५ = ५६/६५, एक कर्ण ५६. पुढचे दोन: ३/५ × ५/१३ + ४/५ × १२/१३ = ६३/६५, दुसरा ६३. ताळा घ्या, ५६ × ६३ = ३५२८ आणि २५ × ६० + ३९ × ५२ = १५०० + २०२८, तेही ३५२८.

आता ६० आणि ५२ यांची फक्त जागा बदला, क्रम २५, ३९, ५२, ६०. वर्तुळ तेच राहतं, कर्ण ५६ तसाच राहतो, पण दुसरा कर्ण ६५ होतो, म्हणजे खुद्द व्यास! त्याच्या दोन्ही बाजूंना काटकोन त्रिकोण आहेत, २५-६०-६५ आणि ३९-५२-६५. मराठीत चौकोनाचा कर्ण आणि काटकोन त्रिकोणाचा कर्ण याला एकच शब्द आहे म्हणून मुलं गोंधळतात, इथे मात्र एकच रेघ दोन्ही अर्थांनी कर्ण आहे. आणि टॉलेमी लावला की ५६ × ६५ = २५ × ५२ + ३९ × ६०, दोन्हीकडे ६५ × ६५ ने भागा, वरची ५६/६५ वाली ओळच परत आली. म्हणजे एक कर्ण व्यास असेल तेव्हा टॉलेमीचं प्रमेय हेच sin(α + β) चं सूत्र आहे, फक्त लांबीच्या भाषेत. भास्कराचार्य या बेरजेच्या नियमाला समासभावना म्हणतात आणि वजाबाकीच्या नियमाला अंतरभावना. त्यांची ज्या ही लांबी आहे म्हणून त्यांच्या नियमात शेवटी त्रिज्येने भागावं लागतं, जुनं पुस्तक वाचताना हे विसरलं की उत्तर भलतंच मोठं येतं.

एक गोष्ट मात्र सोडू नका, "चक्रीय" हा शब्द. नुसत्या चार बाजूंवरून कर्ण ठरत नाहीत, चार काठ्या खिळ्यांनी जोडल्या तर चौकट हलते. भास्कराचार्य तर चौकोनाची ही अनियत स्थिती न ओळखता कर्ण विचारणाऱ्याला आणि सांगणाऱ्यालाही पिशाच म्हणतात. त्याच २५, ३९, ६०, ५२ च्या चौकटीचा ५६ वाला कर्ण दाबून ४० केला तर दुसरा साधारण ७४.६५ होतो आणि गुणाकार २९८६ च्या आसपास येतो, ३५२८ ला पोचतच नाही. वर्तुळात नसलेल्या चौकोनात तो नेहमी कमीच पडतो, तेव्हा गुणाकार कमी आला की चौकोन चक्रीय नाही किंवा तुम्ही कुठली बाजू कुणाच्या समोर आहे ते चुकवलंय, आधी आकृती काढून बघा.