खांद्याची रेघ कुणी निवडायची?

प्रश्न : "माझा मुलगा बारावी सायन्सला आहे. पेन्सिलनं उत्तम स्केचेस काढतो आणि त्याला डिझाइनकडे जायचंय. प्रवेशासाठी पोर्टफोलिओ लागतो म्हणून मी त्याची दहा स्केचेस ओळखीच्या डीटीपीवाल्याकडून स्कॅन करून, साफ करून, रंगवून घेतली. तेव्हापासून तो चित्रवहीला हातच लावत नाही. चित्र तर त्याचंच आहे, रंग भरणं हे कॉम्प्युटरचं काम. आता त्याला स्क्रीनवाला टॅबलेट घेऊन द्यावा की तीन महिन्यांचा डिजिटल आर्टचा कोर्स लावावा? एक मूळ स्केच आणि त्याचं रंगवलेलं चित्र सोबत जोडतो."
– एक वडील, कराड

उत्तर : टॅबलेट आणि कोर्स दोन्ही तूर्त बाजूला ठेवा. ती दहा रंगीत चित्रं कुठल्याही अर्जासोबत पाठवू नका. मुलाखतीत "ही सावली निळसर का घेतली नाहीस?" असं कुणी विचारलं, तर तुमच्या मुलाकडे उत्तर नसेल, कारण तो निर्णय त्यानं घेतलेलाच नाही. दुसऱ्याचं काम स्वतःचं म्हणून दाखवणं ही फसवणूक आहे, आणि ती करायला तुम्ही त्याला भाग पाडताय. तुमचा हेतू चांगला होता, याबद्दल मला शंका नाही. पण रंगवायला देण्याआधी त्याला विचारल्याचा तुमच्या पत्रात उल्लेख नाही, आणि मला सगळ्यात जास्त काळजी त्याची वाटते. सतरा-अठरा वर्षांच्या मुलाला यातून एवढंच कळतं की आपलं काम बाबांना अपुरं वाटलं.

तुम्ही पाठवलेली दोन्ही चित्रं मी शेजारी शेजारी ठेवून बराच वेळ बघितली. आठवडी बाजारात ताडपत्रीखाली बसलेली मेथीवाली बाई. मूळ स्केचमध्ये तिच्या उजव्या खांद्याला तीन रेघा आहेत. सगळ्यात वरची फिकट आहे, मधली त्याहून गडद, आणि खालची सगळ्यात दाबून काढलेली. मुलगा तो खांदा शोधत होता आणि त्याला तो खालच्या रेघेत सापडला. दिवसभर बसून थकलेल्या बाईचा खांदा तसाच ओघळतो. डीटीपीवाल्यानं वरची रेघ ठेवली आणि बाकीच्या दोन पुसल्या. परिणामी बाई ताठ बसली, जुडी पुढे करणारा हात खांद्यापासून सुटल्यासारखा झाला आणि चित्रातला थकवा गेला. त्या माणसाला दोष देऊ नका. लग्नपत्रिका आणि फ्लेक्सच्या कामात रेघ साफ हवी असते, ती त्यानं साफ करून दिली.

"चित्र त्याचंच, बाकी कॉम्प्युटरचं काम" हा समज मला अनेक पालकांमध्ये दिसतो, आणि तो मुळातच चुकीचा आहे. पेन्सिलच्या पाच रेघांमधून एक निवडणं हे चित्र काढणंच आहे, सॉफ्टवेअर त्यात काहीही ठरवत नाही. हातानं काढलेल्या अॅनिमेशनमध्ये क्लीन-अप, म्हणजे कच्च्या रेघांवरून पक्की रेघ काढणं, हा स्वतंत्र विभाग असायचा आणि तिथं उत्तम ड्रॉइंग येणारी माणसं बसायची. अमेरिकन कॉमिक्समध्ये आजही सपाट रंग भरणारा 'फ्लॅटर' बऱ्याचदा वेगळा असतो आणि त्यावर उजेड-सावली चढवणारा कलरिस्ट वेगळा. कलरिस्टचं नाव चित्रकाराबरोबर छापलं जातं. तेव्हा तुम्ही ज्याला कॉम्प्युटरचं काम म्हणता, ते तुमच्या मुलाच्या संभाव्य व्यवसायाचं अर्धं अंग आहे आणि नेमकं तेच त्याच्या हातून काढून घेतलंय.

तुमच्याच चित्रावर ते काम कसं व्हायला हवं होतं, ते सांगतो. स्कॅनपासून सुरुवात करू. मुलानं पानाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलंय, "निळी ताडपत्री, ऊन डावीकडून." रंगीत चित्रात हे नाही, मळ समजून पुसलं गेलं. डोळ्यांखालची हॅचिंग, म्हणजे छटेसाठी शेजारी शेजारी ओढलेल्या फिकट रेघाही गेल्या आणि पापणीची रेघ मध्येच तुटली. हे कशामुळे झालं ते ओळखता येतं. कुठली छटा पांढरी आणि कुठली काळी धरायची हे ठरवणाऱ्या लेव्हल्स या सोयीत पांढऱ्याचा काटा फार आत ओढला की कागदाचा करडेपणा जातो, पण त्याच्याच आसपासच्या छटेतल्या फिकट रेघाही जातात. काटा हळूहळू आत आणायचा आणि सगळ्यात फिकट, पण आपल्याला हवी असलेली रेघ विरायला लागली की थांबायचं. उरलेले डाग हातानं पुसायचे. स्कॅन ग्रेस्केलमध्ये, 600 डीपीआयला करावा आणि पीएनजी किंवा टिफमध्ये ठेवावा. जेपीईजीमध्ये रेघेभोवती बारीक कचरा येतो आणि पुढे रंग भरताना तो आडवा येतो. मोबाइलच्या फोटोत एक बाजू उजळ आणि दुसरी काळपट येते. मग एकच काटा दोन्हीकडे चालत नाही. झेरॉक्सच्या दुकानातला साधा फ्लॅटबेड स्कॅनर यासाठी पुरतो.

मग रेघ. लेयर म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये एकावर एक ठेवलेले पारदर्शक कागदच. स्कॅनच्या लेयरची अपारदर्शकता वीस-तीस टक्क्यांवर आणायची, त्यावर कोरा लेयर घ्यायचा आणि पुन्हा रेघ ओढायची. मुलगा हे करेल तेव्हा खांद्याची खालची रेघ तोच निवडेल, कदाचित चौथीच काढेल. मध्ये मध्ये चित्र आडवं उलटं करून बघायचं. आरशात बघितल्यासारखं झालं की डोळ्यांच्या उंचीतला फरक, मानेचा तिरकेपणा लगेच दिसतो. सगळ्या रेघा गुळगुळीत करायचीही गरज नाही. मेथीच्या पानांवरची पेन्सिल तशीच ठेवली तर ती जास्त जिवंत दिसेल, असं माझं मत आहे.

सपाट रंग भरताना तुमच्या चित्रात रेघ आणि रंग यांच्यामध्ये पांढरी किनार राहिली आहे. झूम केलं की साडीच्या काठाभोवती पांढरे ठिपके दिसतील. रेघेच्या कडेला पूर्ण काळे नसलेले, करडे पिक्सेल असतात. बादलीनं रंग ओतला की तो त्यांच्याआधीच थांबतो. म्हणून रेघांचा लेयर वर ठेवून तो खालच्या रंगात मिसळायची पद्धत मल्टिप्लाय करायची आणि रंग खालच्या वेगळ्या लेयरवर, रेघेच्या मध्यापर्यंत आत न्यायचा. मल्टिप्लाय म्हणजे खरोखरच गुणाकार आहे. दोन लेयरमधले उजेडाचे, 0 ते 255 पर्यंतचे आकडे गुणून 255 नं भागतात. पांढरा 255 असतो, त्यामुळे त्याच्याखालचा रंग जसाच्या तसा राहतो आणि कागद आपोआप नाहीसा होतो. रंग 200 आणि सावली 150 असेल तर सुमारे 118 उरतात, म्हणजे रंग गडद होतो पण पुसला जात नाही.

सपाट रंगांची परीक्षा सोपी आहे. रेघांचा लेयर बंद करा आणि चित्र ग्रेस्केलमध्ये बघा. बाई, पोतं, मेथीचा ढीग वेगवेगळे कळले पाहिजेत. तुमच्या चित्रात तपकिरी साडी आणि तपकिरी पोतं एकच होऊन जातात, बाई पोत्यातच बसल्यासारखी वाटते. साडी थोडी फिकट केली असती तरी हे सुटलं असतं.

शेडिंगमध्ये मात्र फार मोठी चूक झाली आहे. प्रत्येक आकाराच्या कडेनं मऊ काळा ब्रश फिरवलाय. त्यामुळे चेहरा, हात, पोतं, तागडी सगळंच फुगवलेल्या फुग्यासारखं गोल दिसतं आणि रंग मळकट झालेत. उजेड कुठून येतो, याचा विचारच झालेला नाही. मुलानं तर लिहून ठेवलं होतं! ऊन डावीकडून आहे, म्हणजे बाईचा डावा गुडघा आणि पुढे केलेला हात उन्हात येतो, बाकी शरीर ताडपत्रीखाली. निळ्या ताडपत्रीतून गाळून येणारा उजेड सावलीला निळसर करतो. तेव्हा सपाट रंगांवर एकच लेयर घ्यायचा, तो त्यांनाच क्लिप करायचा म्हणजे बाहेर सांडणार नाही, मल्टिप्लायवर ठेवायचा आणि एकाच फिकट निळ्या-जांभळ्या रंगानं सगळ्या सावल्या भरायच्या. उन्हाची कड टोकदार ठेवायची. गालाची गोलाई जिथं वळते तिथंच ती मऊ करायची. मेथीचा हिरवा, कातडीचा तपकिरी आणि साडी यांवर एकच सावली पडली की सगळं एका जागेत, एका वेळी बसलेलं दिसतं. शेवटी उन्हाच्या भागावर वेगळ्या लेयरवर थोडा पिवळसर उजेड दिला की काम होतं.

हे सगळं करायला स्क्रीनवाला टॅबलेट लागत नाही. क्रिटा हे सॉफ्टवेअर मोफत आहे. सपाट रंग माउसनंही भरता येतात. रेघेसाठी पेन हवा, पण बिनस्क्रीनचा छोटा पेन टॅबलेट त्याला पुरेल. तो घ्यायचा की नाही, हे पहिलं चित्र अर्धं झाल्यावर मुलालाच ठरवू द्या. तीन महिन्यांच्या कोर्समध्ये सॉफ्टवेअरची बटणं शिकवतात, आणि ती त्याला मोकळ्या वेळात स्वतःच येतील. खांद्याची रेघ निवडायची नजर त्याच्याकडे आत्ताच आहे.

प्रवेशाबद्दल थोडक्यात : बारावी सायन्सनंतर डिझाइनच्या पदवीसाठीची यूसीड ही प्रवेश परीक्षा किंवा राज्याची कला सीईटी देता येते. दोन्हींमध्ये परीक्षेच्या खोलीत बसून हातानं चित्र काढावं लागतं. पोर्टफोलिओ काही खासगी संस्था मुलाखतीत बघतात. म्हणजे ज्याच्या धाकानं तुम्ही एवढं केलंत, ते त्याच्या वाटेत कदाचित येणारही नाही.

या व्यवसायाबद्दलही खरं सांगायला हवं. नुसते सपाट रंग भरण्याच्या कामाला पानामागे पैसे मिळतात, ते कमी असतात, आणि ते काम कंटाळवाणं आहे. चांगली कमाई आणि टिकून राहणं रेघ आणि उजेड यांचे निर्णय घेणाऱ्यांच्या वाट्याला येतं. म्हणून तुमचा मुलगा दुसऱ्या संध्याकाळीही सपाट रंग भरत बसतो का, याकडे लक्ष द्या, पण लांबून. त्याला ते नकोसं झालं आणि तो पुन्हा पेन्सिलकडे वळला, तरी ती चांगलीच माहिती आहे. चित्रकथेचं रेखाटन, स्टोरीबोर्ड, उपयोजित कला अशा वाटा त्यासाठी आहेत.

आता करायचं काय? दहाही मूळ स्केचेस त्याच्या हातात परत द्या आणि "तुला न विचारता दिली, चुकलं माझं" एवढं स्पष्ट म्हणा. त्यापुढे सल्ला देऊ नका. बोर्डाची परीक्षा होईपर्यंत विषयही काढू नका. नंतर त्याला वाटलं तर त्यानं मेथीवालीपासून सुरुवात करावी. चित्र मला दाखवायचं असेल तर लेयर शाबूत असलेली क्रिटाची .kra फाईल पाठवा, सगळं एकत्र करून काढलेली जेपीईजी नको. आणि ती त्यानं स्वतः, स्वतःच्या ईमेलवरून पाठवावी.